व्हॉट्सॲपवर आलेलं पेपरचं कात्रण खरं की जोडलेलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेपरात पानं लावण्याचं आणि मथळे देण्याचं काम ज्याने केलंय त्याला बनावट कात्रण बहुतेक वेळा पहिल्या नजरेतच खटकतं. का खटकलं ते मात्र सांगता आलं पाहिजे, कारण 'मला बनावट वाटतंय' याला पुरावा म्हणत नाहीत. नातेवाईक, शिक्षक, पत्रकारितेचे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे आहेत. सगळी चर्चा कागदी पेपरच्या कात्रणाचा फोटो आणि त्यातही मराठी पेपर एवढ्यापुरतीच आहे.

कात्रण हातात आलं की आधी काय पाहायचं?

मथळा हाताने झाका आणि फक्त मजकूर वाचा. गंमत वाटेल, पण अर्धं काम इथेच होतं. बनावट कात्रण करणारा सहसा आळशी असतो. अख्खी बातमी लिहून ती तीन कॉलमांत बसवायचे कष्ट तो घेत नाही. खऱ्या बातमीचा मथळा पुसतो, नवा चिकटवतो, फार तर पहिल्या दोन ओळी बदलतो. खालचा मजकूर जुनाच राहतो आणि तो वेगळंच काहीतरी सांगत असतो. मथळ्यात 'माफ' आणि मजकुरात 'भरण्याचे आवाहन', मथळ्यात 'अटक' आणि मजकुरात 'चौकशीची मागणी' अशी फारकत दिसली की पुढचं सगळं तपासायला घ्या.

खरे मथळेही अतिरंजित असतात, हे मान्य. पण उपसंपादक मथळा काढतो तो बहुधा बातमीच्या पहिल्या परिच्छेदातून. मथळ्यातला मुख्य शब्द मजकुरात एकदाही सापडत नसेल तर तो उपसंपादकाचा नाही, असं समजायला हरकत नाही.

टाइप वेगळा आहे हे कसं ओळखायचं? मला तर सगळी अक्षरं सारखीच दिसतात.

फॉन्टचं नाव ओळखण्याच्या भानगडीत पडू नका. मथळ्यात आणि मजकुरात असलेलं एकच अक्षर शोधा आणि त्याची तुलना करा. मराठीत यासाठी तीन चांगल्या जागा आहेत.

पहिली जागा म्हणजे 'ल' आणि 'श'. मराठी वळणाच्या 'ल'ला उजवीकडे सरळ काना नसतो, मधल्या दांड्याला दोन पाकळ्या लोंबतात. हिंदी वळणाच्या 'ल'ला उजवीकडे काना असतो. राज्य सरकारने २००९ साली वर्णमालेचा शासन निर्णय काढून मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' प्रमाण ठरवले. पेपरांच्या छपाईत ते वळण त्याच्या कितीतरी आधीपासून रुळलेलं होतं. फोनमधल्या किंवा विंडोजमधल्या फॉन्टने मथळा टाइप केला की मात्र पुष्कळदा हिंदी वळण उमटतं. मजकुरात मराठी 'ल' आणि मथळ्यात हिंदी 'ल' असेल तर दोन्ही एका हातचे नाहीत. काही पेपरांच्या छापील मजकुरातही हिंदी वळण येतं, त्यामुळे नुसता हिंदी 'ल' दिसला म्हणून बोंब मारू नका. एकाच बातमीत दोन वळणं आहेत का, ते पाहायचं.

दुसरी जागा माझी लाडकी आहे: 'शेतकऱ्यांना', 'कर्मचाऱ्यांना', 'अधिकाऱ्यांनी'. यातला 'र' चंद्रकोरीसारखा य च्या डावीकडे आडवा येतो, डोक्यावर रफार येत नाही. घाईत टाइप करणाऱ्याला ही कळ सापडत नाही आणि तो 'शेतकर्यांना' लिहून मोकळा होतो. पेपरात हे अक्षर रोज शेकडो वेळा लागतं, ऑपरेटरची बोटं त्याला सरावलेली असतात. मजकुरात चार वेळा 'शेतकऱ्यांना' नीट आणि मथळ्यात, तेही मोठ्या टाइपात, 'शेतकर्यांना' असेल तर तो मथळा बाहेरून आला आहे. मथळ्यात असली चूक छापून गेली तर दुसऱ्या दिवशी कार्यालयात काय रामायण होतं, ते तिथे काम केलेल्यांना ठाऊक आहे.

तिसरी जागा म्हणजे जोडाक्षरं आणि वेलांट्या. फोटो संपादनाच्या काही जुन्या प्रोग्राममध्ये देवनागरीची जुळणी चालू नसली की पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि 'मुख्य'मधल्या ख चा पाय मोडलेला दिसतो. असं काही मथळ्यातच असेल आणि मजकुरात कुठेच नसेल तर उघडच आहे.

फॉन्टवरून कात्रणाचं वय सांगता येतं का?

काही वेळा येतं. नियम एवढाच की फॉन्ट जन्माला येण्याआधी छापलेल्या कागदावर तो असू शकत नाही. पाकिस्तानात २०१७ साली पनामा प्रकरणात २००६ची तारीख असलेला एक दस्तऐवज याच मुद्द्यावर अडकला होता. तो कॅलिब्री फॉन्टमध्ये होता आणि कॅलिब्री सर्वसामान्य ग्राहकांच्या हाती २००७ साली आला. ते कात्रण नव्हतं, पण तर्क तोच.

मराठीत याचा उपयोग 'जुन्या' कात्रणांसाठी होतो. विंडोजमधला मंगल हा देवनागरी फॉन्ट विंडोज २००० बरोबर आला. 'आणीबाणीतली बातमी' म्हणून फिरणाऱ्या कात्रणाचा मथळा मंगलमध्ये असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही. त्या काळी बहुतेक मराठी पेपर शिशाच्या खिळ्यांनी जुळत. खिळ्यांच्या छपाईत अक्षरागणिक शिरोरेषा किंचित तुटलेली दिसते, एखादं अक्षर वर-खाली बसतं, एखादं जास्त दाबलं जाऊन काळं होतं. मथळ्याची शिरोरेषा पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत अखंड, एकाच जाडीची आणि मजकूर मात्र खिळ्यांचा, अशी कात्रणं मी पाहिली आहेत. कागद पिवळा करणं सोपं असतं, शिरोरेषा तोडणं कुणाच्या लक्षात येत नाही.

कॉलमच्या मांडणीत नेमकं काय चुकतं?

मोठ्या आकाराच्या पेपरचं पान साधारण आठ कॉलमांचं असतं आणि एक कॉलम चार सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतो. दोन कॉलमांच्या बातमीला कार्यालयात 'डीसी' म्हणतात. बातमी किती कॉलमांची हे ठरलं की मथळ्याची रुंदी ठरते, मग मथळा त्या रुंदीत बसवायचा. शब्द बदला, टाइप एक पायरी कमी करा, नाहीतर अक्षरं जरा आवळा, पण तो बसलाच पाहिजे. म्हणून खऱ्या मथळ्याच्या ओळी दोन्ही कडांपर्यंत जातात किंवा मध्यावर नीट तोललेल्या असतात. चिकटवलेला मथळा तिसऱ्या कॉलमच्या मध्येच संपतो आणि उजवीकडे उगाच मोकळी जागा राहते, नाहीतर तो शेजारच्या बातमीच्या हद्दीत घुसतो.

दुसरी खूण मजकुराच्या ओळींची. शेजारशेजारच्या कॉलमांत ओळी सहसा एकमेकींच्या रेषेत असतात. फोटोवर आडवी पट्टी धरा. पहिल्या कॉलममधल्या ओळीची शिरोरेषा दुसऱ्या कॉलममधल्या ओळीशी जुळली पाहिजे. वरच्या चार ओळी जुळत नाहीत आणि खालच्या सगळ्या जुळतात, असं दिसलं तर वरच्या चार नंतर घातल्या आहेत. त्या घातलेल्या ओळींची उजवी कडही पाहा. पेपरात मजकूर दोन्ही बाजूंनी सरळ कापल्यासारखा असतो, त्यासाठी शब्दांमधली जागा ताणलेली असते. नवख्याने घातलेल्या ओळींची उजवी कड ओबडधोबड राहते.

तिसरी गोष्ट वाचूनच कळते. पहिल्या कॉलमचं शेवटचं वाक्य अर्धवट तुटतं ते दुसऱ्या कॉलमच्या डोक्यावर पुढे चालू होतं का? दोन वेगळ्या बातम्यांचे तुकडे जोडून केलेलं कात्रण इथे हमखास सापडतं. पहिला कॉलम 'जिल्हाधिकाऱ्यांनी सांगितले की,' वर थांबतो आणि दुसरा एकदम 'या स्पर्धेत' पासून सुरू होतो.

बातमीच्या सुरुवातीची ओळही सोडू नका. प्रत्येक पेपरची तिथली पद्धत ठरलेली असते. कुठे 'सकाळ वृत्तसेवा', कुठे 'लोकमत न्यूज नेटवर्क', कुठे 'म. टा. प्रतिनिधी'. वर एका पेपरचं नाव आणि आत दुसऱ्याची पद्धत, अशी कात्रणंही बिनधास्त फिरतात.

मूळ मथळ्यावर नवा चिकटवलाय हे फोटोत दिसतं का? एखादं उदाहरण देता का?

नमुन्यासाठी असं एक कात्रण घेऊ. तीन कॉलमांची बातमी आहे, मथळा 'शेतकर्यांचे संपूर्ण वीजबिल माफ'. पेपरचं नाव कापलेलं, तारीख नाही. खाली 'प्रतिनिधी' आणि मग मजकूर.

मथळा झाकून वाचलं तर मजकूर थकबाकीदार ग्राहकांविषयी आहे. थकबाकी हप्त्याहप्त्याने भरण्याची सवलत दिली आहे, शेतकऱ्यांनी तिचा लाभ घ्यावा, असं अधिकाऱ्याने म्हटलं आहे. 'माफ' हा शब्द कुठेही नाही. मजकुरातलं 'शेतकऱ्यांनी' बरोबर छापलंय, मथळ्यातल्या 'शेतकर्यांचे'वर मात्र रफार आहे. संशयाला एवढं पुरे, आता फोटो मोठा करा.

कागद टेबलावर ठेवून फोटो काढलाय, उजवी बाजू थोडी उचललेली आहे. त्यामुळे मजकुराच्या ओळी उजवीकडे जाताना हलक्याशा वर वळतात. कॉलमांमधली उभी रेघही किंचित वाकलेली आहे. मथळ्याची शिरोरेषा मात्र ताठ, फूटपट्टीने आखल्यासारखी. कागद वाकला आणि मथळा वाकला नाही, हे घडू शकत नाही.

आता कागदाचा पोत. पेपरचा कागद इतका पातळ असतो की मागच्या पानावरची छपाई पुसटशी पुढे दिसते. या फोटोत ती मजकुराच्या आजूबाजूला सगळीकडे जाणवते, मथळ्याच्या पट्ट्यात एकदम नाहीशी होते. फोनच्याच फोटो संपादनात जाऊन ब्राइटनेस कमी करा आणि कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवा. मथळ्यामागे एक सपाट चौकोन उठून दिसेल. खऱ्या कागदात शेजारशेजारच्या ठिपक्यांचा रंग थोडाथोडा वेगळा असतो, रंग भरलेल्या चौकोनात तो सगळीकडे एकच असतो.

त्या चौकोनाच्या खालच्या कडेला, दुसऱ्या कॉलमच्या वर, एक बारीक काळा आकडा दिसतो. कचरा वाटावा एवढाच. तो मूळ मथळ्यातल्या उकाराचं शेपूट आहे. देवनागरीत उकार, ऋकार, 'द्ध'सारखी जोडाक्षरं ओळीच्या खाली उतरतात. मथळा पुसणारा अक्षरांच्या उंचीएवढा चौकोन ओढतो आणि खाली उतरलेलं हे शेपूट त्याच्या नजरेतून निसटतं. वरच्या कडेला असंच वेलांटीचं किंवा मात्रेचं टोक उरतं. इंग्रजी कात्रणांपेक्षा आपल्याकडे हा पुरावा जास्त मिळतो, याचं श्रेय आपल्या लिपीला.

शेवटची खूण घडीची. कात्रण मधोमध घडी घातलेलं आहे. घडी मजकुरातून जाते तिथे शाई उडून अक्षरं पांढरट झालीत. तीच घडी मथळ्यातून जायला हवी, पण तिथे अक्षरं सलग काळीभोर आहेत.

एवढं झाल्यावर मजकुरातला एखादा वेगळा, सहज पुन्हा न येणारा तुकडा गूगल लेन्सने उचला आणि अवतरणचिन्हांत घालून शोधा:

```
"थकबाकी हप्त्याहप्त्याने भरण्याची सवलत" वीजबिल
```

बातमी पेपरच्या संकेतस्थळावर असेल तर बहुतेकदा अशीच हाती लागते. मूळ मथळा 'थकबाकी भरण्यासाठी हप्त्यांची सुविधा सुरू' असा काहीतरी निघेल, त्यात 'सुविधा'चा उकार. ते शेपूट कुठून आलं ते मग आपोआप कळतं.

चुकीचा टाइप, चुकलेली मांडणी दिसली म्हणजे कात्रण खोटंच का?

नाही. इथे उत्साही तपासणारे हमखास घसरतात. खऱ्या पेपरात चुका रोज होतात. रात्री अकरा वाजता शेवटचं पान सोडताना ओळ गळते, एखादा परिच्छेद दोनदा लागतो, कालचीच तारीख राहते. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना एखादं जोडाक्षर विचित्र उमटतं. जिल्हा पुरवणी वेगळ्या गावी लागते, तिथला टाइप मुख्य अंकापेक्षा वेगळा असू शकतो. मथळा रुंदीत बसवायला अक्षरं आवळण्याचा प्रकार सर्रास चालतो, त्यामुळे आवळलेला मथळा हा काहीच पुरावा नाही. जाहिरात संस्थेकडून तयार होऊन आलेल्या मजकुरात तर पेपरच्या टाइपचा संबंधच नसतो. बातमीसारखी दिसणारी जाहिरात असेल तर कोपऱ्यात बारीक 'जाहिरात' किंवा तत्सम काही छापलेलं आहे का, ते शोधा.

म्हणून मी खुणांचे दोन ढीग करतो. घाईने किंवा अजाणतेपणी होऊ शकतात त्या एका ढिगात: शुद्धलेखन, गळलेली ओळ, टाइपातला फरक. छापखान्यात होऊच शकत नाहीत त्या दुसऱ्यात: न वाकणारा मथळा, नाहीशी झालेली मागची छपाई, घडीवरून न तुटता जाणारी अक्षरं, उरलेलं शेपूट. पहिल्या ढिगातल्या पाच खुणांपेक्षा दुसऱ्यातली एक भारी.

बनावट कात्रण आधी छापून मग त्याचा फोटो काढला असेल तर?

मग वरच्या दुसऱ्या ढिगातलं बरंचसं हातून जातं, हे सरळ मान्य करावं. संगणकावर तयार केलेलं कात्रण साध्या कागदावर छापलं, चुरगळलं, चहाच्या डागासह फोटो काढला की वाक, घडी, पोत सगळं एकसारखं होतं. उरतो तो टाइप, कॉलम आणि भाषा, शिवाय एखादं राहून गेलेलं शेपूट. कागदाची एक खूण कधीकधी मदत करते: घरच्या जाड कागदावर मागची छपाई दिसत नाही, कारण मागे काही छापलेलंच नसतं. अशा वेळी दुसऱ्या बाजूचा फोटो मागा. खऱ्या कात्रणाच्या मागे अर्धवट कापलेली दुसरी बातमी किंवा जाहिरात असते. देणारा 'मागची बाजू नाही' म्हणाला तर तुम्हाला बरंच काही कळलं.

फोटोतली छेडछाड दाखवणारी संकेतस्थळं असतात, त्यांचा उपयोग होतो का?

फोटो पुन्हा पुन्हा साठवला गेल्याने पडणारा फरक रंगांत दाखवणारी साधनं आहेत. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या कात्रणासाठी त्यांच्यावर विसंबू नका. व्हॉट्सॲप फोटो लहान करतं, नव्याने दाबतं आणि त्यातली कॅमेऱ्याची माहिती काढून टाकतं. दहा गटांतून फिरलेल्या फोटोत सगळीकडे सारखाच गाळ साचलेला असतो. त्यातून पांढऱ्यावर काळ्या अक्षरांच्या कडा या साधनांत नेहमीच चमकतात, खऱ्या कात्रणातही. ती चमक म्हणजेच छेडछाड असं समजून लोकांनी खरी कात्रणं खोटी ठरवली आहेत. ज्याने पहिल्यांदा फोटो काढला त्याच्याकडून 'डॉक्युमेंट' म्हणून मूळ फाइल मिळाली तरच या वाटेला जा.

कात्रण अगदी अस्सल निघालं, तरी बातमी खोटी असू शकते का?

हो. तारीख कापलेलं जुनं कात्रण हा सर्वांत सोपा प्रकार. त्यात टाइप, कॉलम, कागद सगळं खरं असतं. धुळवडीला किंवा १ एप्रिलला गमतीच्या बातम्या छापल्या जातात, 'गंमत' ही खालची ओळ कापली की त्या खऱ्या होऊन फिरतात. २४ जानेवारी २०२५ रोजी केरळमधल्या अनेक मल्याळी दैनिकांनी २०५० सालचं म्हणून एक पहिलं पान छापलं. १ फेब्रुवारीपासून कागदी नोटा बंद, सगळे व्यवहार डिजिटल चलनात, असा त्याचा मथळा होता. ते एका खासगी विद्यापीठाचं जाहिरातीचं पान होतं, तरी पेपर हातात घेतलेल्या लोकांचाही गोंधळ उडाला. अशा कात्रणाचा टाइप तपासून काय मिळणार? त्याला पूर्ण पानच लागतं.

मूळ पान मिळवायचं कुठे?

ताज्या बातमीसाठी त्या पेपरचा ई-पेपर. आवृत्ती बदलून पाहा, कारण कोल्हापूरच्या अंकातली बातमी मुंबईच्या अंकात नसते आणि 'ई-पेपरमध्ये सापडली नाही' म्हणणारे पुष्कळ जण एकच आवृत्ती पाहून थांबतात. कात्रणाच्या कडेला शेजारच्या बातमीचे दोन-चार शब्द अर्धवट दिसत असतील तर त्यांचा शोध घ्या. मथळा बदलणारा शेजारची बातमी बदलत नाही, आणि तिच्यावरून तारीख आणि आवृत्ती सापडते.

जुन्या कात्रणासाठी ग्रंथालय गाठावं लागतं. प्रकाशित वृत्तपत्रं ठराविक सार्वजनिक ग्रंथालयांना देण्याचं बंधन १९५४च्या कायद्यात १९५६ साली आलं. मुंबईतलं एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय त्यांपैकी एक. पुण्यात केसरीवाड्यात 'केसरी'चे जुने अंक आहेत, गावोगावच्या नगर वाचनालयांत स्थानिक दैनिकांच्या बांधीव फाइली असतात. ग्रंथपालांना पेपरचं नाव, महिना आणि वर्ष सांगा. नुसता मथळा सांगितला तर फाइल कुठली काढायची हे त्यांनाही कळत नाही.

पेपरलाच विचारलं तर उत्तर मिळतं का?

मिळतं, पण प्रश्न नीट विचारावा लागतो. 'ही बातमी खरी आहे का?' असं विचारलं तर फोन घेणाऱ्यालाही काही ठाऊक नसतं. 'अमुक तारखेच्या अमुक आवृत्तीत, अमुक पानावर हा मथळा छापला होता का?' असं विचारा आणि कात्रणाचा फोटो सोबत पाठवा. तारीख माहीत नसेल तर शेजारच्या बातमीचे शब्द कळवा. फोन दुपारी करा, संध्याकाळी सहानंतर त्या टेबलावर कुणालाही मान वर करायला फुरसत नसते.